एकाच शब्दावर तीन गोधड्या

नागपूरच्या एका बाईंनी मेसेज करून विचारलं, की तुमच्या दुकानात बाळाच्या तीन गोधड्या दिसतात, तिन्हींचं नाव सारखं, माप सारखं, कापड सारखं, तर फरक काय आहे? फरक एवढाच होता की एक मी शिवलेली होती, एक माझ्या थोरल्या जावेनं आणि एक शेजारच्या मावशींनी. हे उत्तर गिऱ्हाइकाच्या काय कामाचं? शेवटी मी लिहिलं, रंग वेगळे आहेत. त्यांनी ‘बरं’ म्हटलं आणि तिन्हींतली एकही घेतली नाही.

आमचं दुकान म्हणजे डोणगावच्या घरातली मधली खोली आणि माझा मोबाइल. ह्यांचं बियाण्या-खतांचं दुकान बाजारात आहे, त्याच्याशी आमच्या गोधड्यांचा संबंध नाही. मी एका ऑनलाइन बाजारात विक्रेती म्हणून नाव नोंदवलं, तेव्हा पहिली गोधडी माझ्या जावेची होती. मी तिला बाई म्हणते. माझ्यापेक्षा ती बरीच मोठी, आणि दोरा कसा ओढायचा, कापडाचे थर सुरकुती न पडता कसे बसवायचे, हे मला तिनंच शिकवलं. त्या बाजारात प्रत्येक मालाचं एक पान असतं, त्याला सगळे लिस्टिंग म्हणतात. वर नाव, फोटो, खाली माहिती, आणि त्याखाली घेणाऱ्यांनी दिलेले तारे आणि लिहिलेला अभिप्राय. बाईच्या पानावर माहिती लिहिताना तिनं मला शेजारी बसून सांगितलं होतं, की आतलं लुगडं माह्या मायचं हाय, थे लिही. मी लिहिलं.

मग मी माझ्या गोधडीचं वेगळं पान केलं. मी वर नवी मलमल घालायची, रंग फिके ठेवायची, फोटो खिडकीच्या उजेडात काढायची. माझ्या पानाला लवकर गिऱ्हाईक लागलं. त्यानंतर शेजारच्या मावशी आल्या. त्यांचा मळा आहे, मेथी, वांगी, कांद्याची पात बाजारात नेऊन विकतात. गुडघे धरल्यामुळे मळ्यात जाणं कमी झालं होतं, मुलगा पुण्याकडे कारखान्यात, घरात त्या एकट्या. त्यांनी माझ्यासमोर एक गोधडी उलगडली आणि विचारलं, हे इकल्या जाईन का? टाके इतके बारीक होते की मी लगेच हो म्हटलं. त्यांचं पान करायला मला चहा होईपर्यंतसुद्धा वेळ लागला नाही, कारण ॲपमध्ये जुन्या पानाची नक्कल करायची सोय आहे. मी माझ्या पानाची नक्कल केली आणि फक्त फोटो बदलले.

तेव्हा मला वाटायचं, एका दुकानापेक्षा तीन दुकानं बरी. बाजाराच्या दिवशी ज्याच्या पथाऱ्या तीन ठिकाणी, त्याचा माल जास्त खपतो, हे आम्ही लहानपणापासून बघत आलो होतो. पण मोबाइलमधला बाजार तसा नसतो. तिथे गिऱ्हाईक गल्लीतून फिरत नाही. ते एक शब्द लिहितं आणि त्या शब्दाखाली जे वर येतं तेवढंच बघतं.

त्या मेसेजनंतर मी ह्यांचा मोबाइल घेतला, कारण माझ्या मोबाइलवर मला माझाच माल वर दिसतो. त्यात ‘बेबी गोधडी’ असं लिहून शोधलं. वरच्या पानांत आम्ही कुठेच नव्हतो. बरंच खाली गेल्यावर माझी गोधडी दिसली. दुसऱ्या दिवशी तेच शब्द लिहिले तर माझी गायब, तिच्या जागी बाईची. पुढे एकदा मावशींची. तिघी एकदम कधीच नाहीत. त्या बाजाराला एकाच दुकानाच्या एकसारख्या तीन वस्तू ओळीनं दाखवायच्या नसतात, म्हणून तो त्यांतली एक उचलतो, आणि कुठली उचलायची हे त्यालाही नक्की ठरवता येत नव्हतं. आमची एकही गोधडी एका जागी टिकून वर चढत नव्हती.

मग मी ॲपमध्ये तो अहवाल उघडला, ज्यात प्रत्येक पानापुढे दिसतं की लोक कुठला शब्द लिहून इथे आले, किती जणांना ते दिसलं, किती जणांनी उघडलं आणि किती जणांनी घेतलं. माझा, ह्यांचा आणि बाईचा असे तीन मोबाइल बाजेवर शेजारी ठेवले आणि प्रत्येकावर एक पान उघडलं. वरचे शब्द तिन्हीकडे तेच होते. ‘बेबी गोधडी’, ‘कॉटन बेबी क्विल्ट’, ‘नवजात बाळाची गोधडी’. म्हणजे जी दहा माणसं बाळासाठी गोधडी शोधत येत होती, ती आमच्यात वाटली जात होती. तारेही वाटले गेले होते. दुसऱ्या एखाद्या दुकानाच्या एकाच गोधडीवर भरपूर अभिप्राय जमलेले, आणि आमचे तिघींचे थोडे थोडे, तीन ठिकाणी विखुरलेले. तीन पानांवरचे तारे एकत्र मोजायला गिऱ्हाइकाला सवड कुठे. त्याला तीन नवख्या गोधड्या दिसत होत्या.

आमचं चौथं पान मोठ्यांच्या गोधडीचं होतं, तेही ‘गोधडी’ या शब्दाखाली यायचं. त्याचं काय करावं हे मी बघितलं. पण तिथे येणारी माणसं पुढे ‘डबल बेड’ लिहूनच यायची आणि घेणारेही मोठ्या मापाचेच. शब्द एक असला तरी माणसं वेगळी होती, म्हणून त्याला मी हात लावला नाही. भांडण होतं ते या तिघींचं.

उपाय सरळ दिसत होता. तीन सारखी पानं असतील तर सगळ्यात सशक्त पान ठेवायचं आणि बाकीच्यांचा माल त्याच पानावर, रंगांच्या निवडीत, आणून बसवायचा. सशक्त पान माझं होतं. सर्वात जास्त विक्री त्यावर, तारे त्यावर. म्हणजे बाईचं आणि मावशींचं पान बंद करायचं. बंद केलेल्या पानाचे अभिप्राय दुसऱ्या पानावर नेता येत नाहीत, ते तिथेच राहतात आणि मग कुणाला दिसत नाहीत. मी त्या बाजाराच्या मदत केंद्राला फोन करून हेही विचारून घेतलं. पलीकडच्या मुलीनं फार नम्रपणे सांगितलं की नाही जमत, मॅडम.

हिशेब बरोबर होता. पण ज्या बाईनं मला सुई धरायला शिकवली, तिला सांगायचं होतं की तुमचं पान जाणार आणि माझं राहणार.

बाई गच्चीवर उन्हात तूर निवडत होती. मी तिच्याजवळ बसले, थोडी तूर स्वतःकडे ओढली आणि निवडता निवडता सगळं सांगितलं. माझं बोलणं संपल्यावर तिनं सुपातले खडे बाजूला केले आणि म्हणाली, “कर मंग, तुले पटन तसं.” आवाजात राग नव्हता. पण संध्याकाळी मी बघितलं, तर मधल्या खोलीतलं तिचं अर्धवट शिवलेलं दुपटं, दोऱ्याची रिळं आणि सुयांची डबी तिनं उचलून तिच्या खोलीत नेली होती. रोज ती मला विचारायची, आज माह्यं किती जणांनी पाह्यलं? त्या दिवशी नाही विचारलं, दुसऱ्या दिवशीही नाही.

ह्यांना मी म्हटलं, की बाई रुसल्या. ते म्हणाले, रुसल्या नाहीत, त्यांना वाईट वाटलं, त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मला तेव्हा त्यांचा राग आला, कारण ते खरं होतं.

मावशींचं काम आधी केलं. त्यांची आणि माझी गोधडी खरोखरच सारखी होती. वर मलमल, आत धुऊन उकळून काढलेलं सुती कापड, माप तेच, वजन जवळजवळ तेच. मावशींना विचारलं तर त्या म्हणाल्या, मले काय त्याचं, माह्या हातची गोधडी गेली म्हंजे झालं. त्यांच्या पानावरच्या ऑर्डरी पाठवून होईपर्यंत थांबले, मग तिथली शिल्लक शून्य केली. माझ्या पानावर शेंदरी काठ आणि हिरवा काठ असे दोन रंग वाढवले, ते मावशींचे. आधीचे तीन माझे. प्रत्येक रंगाची शिल्लक वेगळी दाखवता येते, त्यामुळे कुठली ऑर्डर कुणाची हेही स्पष्ट राहिलं. शेवटी मावशींचं पान बंद केलं.

दोन-तीन दिवसांनी दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला. मावशींचा मुलगा होता. मी त्याला गल्लीतून जाता-येता पाहिलेलं, फोनवर कधी बोलले नव्हते. त्यानं नाव सांगितलं आणि लगेच विचारलं, “वैनी, मायची तब्येत बरी हाय ना? मले खरं सांगा.”

मी म्हटलं, आत्ताच त्यांना दारात कोथिंबीर निवडताना पाहिलं, बऱ्या आहेत की. मग त्यानं हळूहळू सांगितलं. मावशींनी गोधड्या शिवायला घेतल्या तेव्हा त्यांच्याच मोबाइलवरून मी त्यांच्या पानाची लिंक त्याला पाठवली होती. तो ती रोज उघडायचा. कारखान्यात पाळ्या बदलत्या, कधी फोन करायची वेळ जमायची नाही, आणि जमली तरी आई फोनवर नेहमी बरीच असायची. ताप असला तरी बरी, गुडघा सुजला तरी बरी. पण पानावर गोधडीची शिल्लक दिसायची. ती कमी होऊन पुन्हा वाढली, की त्याला कळायचं, आई बसून शिवतेय, म्हणजे हात चालतायत, डोळे चालतायत. त्या दिवशी त्यानं लिंक उघडली तर तिथे आलं होतं, ही वस्तू आता उपलब्ध नाही. आईला फोन केला तर ती म्हणाली, बरी हाय. मग त्याला आणखीच भीती वाटली.

मी त्याला सांगितलं की फक्त पान बंद झालंय, आईचं काम चालू आहे. माझ्या पानाची लिंक पाठवते, त्यातले शेंदरी आणि हिरवा हे दोन तुझ्या आईचे, त्यावर बोट ठेवलं की शिल्लक दिसेल. बोलता बोलताच मी लिंक पाठवली आणि त्यानं ती उघडली. थोड्या वेळानं तो म्हणाला, हिरव्यात तीन दाखवते. मी म्हटलं, त्यातली एक काल रात्रीच दिली त्यांनी. तो हसला असावा. “मंग ठीक हाय,” म्हणाला आणि फोन ठेवला.

संध्याकाळी मी मावशींकडे गेले. त्यांना काही सांगितलं नाही, फक्त म्हटलं की तुमचा शिवतानाचा एक फोटो हवा. त्यांनी पदर सारखा केला, गोधडी मांडीवर घेतली. तो फोटो मी शेंदरी रंगाच्या पहिल्या फोटोनंतर लावला. गिऱ्हाइकांनाही तो आवडला, पण मी तो मुलासाठी लावला होता.

आता बाईचं पान बाकी होतं. ते बंद करायला मी मनाशी ठरवून बसले. मावशींचं केलं तसंच आधी बघून घ्यायचं होतं की कुणाची ऑर्डर अडकलेली तर नाही. म्हणून त्या पानावरचे जुने मेसेज उघडले. ऑर्डर एकही नव्हती, पण मेसेज वाचता वाचता माझा हात थांबला. वेगवेगळ्या माणसांनी तोच प्रश्न विचारलेला. आमच्या आईच्या साड्या पाठवल्या तर त्यांची गोधडी करून द्याल का? सासूबाईंची इरकली आहे, तिचं काही होईल का? मी प्रत्येकाला, आम्ही फक्त तयार माल विकतो, असं उत्तर देऊन मोकळी झाले होते. घाईत दिलेली उत्तरं, मला आठवतसुद्धा नव्हती.

मग मी पुन्हा शब्दांचा अहवाल उघडला. त्या दिवशी तीन मोबाइल शेजारी ठेवले तेव्हा मी फक्त वरचे मोठे शब्द पाहिले होते, जे तिन्हीकडे होते. आता खालपर्यंत गेले. माझ्या पानाखाली खालीही बाळाचेच शब्द होते. बाईच्या पानाखाली मात्र ‘आईच्या साडीची गोधडी’, ‘जुन्या लुगड्याची गोधडी’, ‘आठवणीची गोधडी’ असे शब्द निघाले. येणारे थोडे होते, पण या शब्दांवर आमचं दुसरं एकही पान नव्हतं, आणि बाजारातही फारशी गर्दी नव्हती. ते शब्द तिथे आले कुठून, तर माहितीतल्या त्या एका ओळीतून, की आतलं लुगडं माह्या मायचं हाय.

म्हणजे बाईच्या पानाला दोन प्रकारची माणसं येत होती. बाळासाठी येणारी माझ्या पानावर गेली तरी चालणार होतं. साडी घेऊन येणारी दुसरीकडे कुठे जाणार नव्हती, आणि मी पान बंद केलं असतं तर त्यांना दारच उरलं नसतं. हे पान मिटवायचं नव्हतं, वेगळं करायचं होतं. नावातून बाळाचे शब्द काढायचे, पहिला फोटो बदलायचा, आणि ‘तुम्ही पाठवलेल्या साडीची गोधडी’ असं स्पष्ट लिहायचं, म्हणजे ते माझ्या पानाशी झगडणार नाही.

मी धावतच बाईच्या खोलीत गेले. ती खिडकीशी बसून शिवत होती. मी म्हटलं, बाई, तुमचं पान बंद नाही करत, फक्त त्याच्यावरून बाळाचं नाव काढते. तिनं वर न बघता विचारलं, “बाळाचं नाव काढल्यावर राह्यते काय मंग?”

मी तिला मेसेज वाचून दाखवले. एक एक करून. ती ऐकत होती, सुई तशीच बोटांत. मला वाटलं, ती खूश होईल. पण वाचून झाल्यावर ती म्हणाली, “परायाच्या मायच्या साडीले म्या कात्री लावू? नाही बाप्पा. ते मले नाही होनार.”

हे मी धरलंच नव्हतं. दिवसभर मी शब्द, पानं, फोटो यांचाच विचार करत होते. बाई म्हणाली, आपली साडी आपण कापतो तेव्हा ठाऊक असते, की माय आपल्याले रागावनार नाही. दुसऱ्याच्या मायचं काय सांगता येते? त्या माणसानं मोठ्या जिवानं पाठवली, अन् आपल्याकडून आडवी गेली कात्री तं? मी समजावून पाहिलं, की त्यांनीच तर सांगितलंय करायला. ती म्हणाली, सांगनं सोपं असते.

मी जास्त ताणलं नाही. पान होतं तसंच ठेवलं, फक्त बाळाचे शब्द काढून टाकले, कारण ते नाही तरी काढायचेच होते. काही दिवस बाईच्या पानाकडे येणारी माणसं अगदीच कमी झाली. माझ्या पानावरही लगेच काही फरक पडला नाही. उलट आधी थोडी घसरणच झाली, तेव्हा मला धाकधूक वाटायला लागली की आपण होतं तेही मोडलं की काय. ह्यांचा मोबाइल घेऊन मी रोज शोधायची. मग एकेक दिवस एकच गोधडी दिसायला लागली, रोज तीच, आणि हळूहळू वर सरकायला लागली. मावशींच्या हिरव्या काठाला मागणी जास्त होती. त्यांना ते सांगितलं तर म्हणाल्या, मिरचीच्या पानाचा रंग हाय थो, आवडनच.

बाईच्या बाबतीत काय झालं ते मला नंतर कळलं. एक दिवस ती तिच्या माहेरच्या जुन्या पेटीतलं एक लुगडं काढून खाटेवर पसरून बसली होती. मी आत गेले तर तिनं मला दोन टोकं धरायला लावली. आम्ही त्या लुगड्याची उभी घडी घातली, मग आडवी, मग पुन्हा. तिनं मोजून पाहिलं, दाबून पाहिलं. नऊवारी असल्यानं थर बरेच झाले. ती म्हणाली, पाह्य, कात्रीच नाही लागत. अख्खी साडी घडी घालून आतमंदी ठेवाची, वरून आपलं कापड, अन् टाके सगळ्या थरांतून. उद्या कोनाले उसवून काढाची असन तं साडी अख्खी निंघन.

मी विचारलं, मग लिहू का, की साडी कापत नाही?

“थेच लिही पह्यले,” ती म्हणाली. “बाकीचं मंग.”

मी तेच लिहिलं. पानाचं नाव झालं, ‘आईच्या साडीची गोधडी, तुम्ही पाठवलेली साडी न कापता’. पहिल्या फोटोत घडी घातलेलं ते लुगडं आणि त्यावर बाईचा हात. वेळ किती लागेल, साडी धुऊन पाठवायची, फाटलेली असेल तर आधी फोटो पाठवायचा, हे सगळं खाली. पुढे मी पाहिलं, तर ‘साडी न कापता’ हेच लिहून माणसं यायला लागली होती. तो शब्द कुणाच्या दुकानात नव्हता. तो बाईच्या भीतीतून आला होता, हे मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, काहीबाही नको बोलू.

पहिली साडी अकोल्याहून आली, दुसरी पुण्याहून. बाईनं मधल्या खोलीत पुन्हा आपली रिळं आणली. साडी आली की ती आधी दोन दिवस तशीच हवेत टाकते, मग हातात घेते. कुणाची आहे ते मला विचारते. मला ठाऊक नसेल तर विचारून सांगायला लावते.

तिसरं पार्सल नाशिकहून आलं. उघडलं तर आत साडी नव्हती. एका माणसाचे शर्ट होते, बाह्या दुमडून नीट इस्त्री केलेले. सोबत मेसेज होता, की आई नाहीये असं नाही, आई आहे, वडील गेले. त्यांच्या शर्टांची आईसाठी गोधडी करून मिळेल का? पानावर साडीचं लिहिलं आहे हे कळतं, पण विचारून पाहते.

शर्ट घडी घालून गोधडी होत नाही. ते कापावेच लागतात. मी बाईकडे बघितलं. मला वाटलं, ती परत पाठव म्हणेल. ती एक शर्ट उलटा करून त्याची शिवण बघत राहिली. मग म्हणाली, तिले फोन लाव, म्या बोलतो.

फोन लावला. बाईनं त्या मुलीला सांगितलं, की पोरी, हे कापावं लागन, दुसरा इलाज नाही. तू म्हनशीन तर कापतो, नाही तर जसे आले तसे परत धाडतो. मुलगी म्हणाली, कापा, पण एखादा खिसा राहू शकतो का? बाबा त्यात पेन ठेवायचे. बाई म्हणाली, राह्यते की.

त्या दिवशी कात्री लावताना मी तिच्याजवळच होते. तिनं पहिला काप घेतला आणि थोडी थांबली, मग पुढे सरळ कापत गेली. गोधडी होत असताना मावशीही येऊन बघून गेल्या. एक निळा पट्टेदार खिसा बाईनं एका कोपऱ्यात तसाच ठेवला, उघडा.

गोधडी पोचल्यावर नाशिकच्या मुलीनं पानावर अभिप्राय लिहिला. तो मी बाईला वाचून दाखवला. तारे पाच होतेच. खाली लिहिलं होतं की गोधडी फार छान झाली, आई तीच पांघरते, आणि झोपायच्या आधी घ्यायच्या गोळ्या त्या खिशात ठेवते, म्हणजे उशाला शोधाव्या लागत नाहीत.

बाईनं ते दोनदा वाचायला लावलं. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, “गोळ्या ठेवते म्हनते तं खिसा जराक अजून घट शिवाले पाह्यजे होता.”